दिवसाला तीन सेकंद पुढे, तरीही आजारी

समजा, चावीच्या एका जुन्या घड्याळाची टाइमग्राफरवर चाचणी झाली आणि यंत्रातून निघालेल्या कागदाच्या पट्टीवर तीन आकडे आले: दिवसाला ३ सेकंद पुढे, १९८ अंश, २.६ मिलिसेकंद. घड्याळाचा मालक पहिला आकडा वाचतो आणि खूश होतो. दिवसाला तीन सेकंद म्हणजे महिन्याला दीड मिनिट. वडिलांच्या वेळच्या एचएमटीकडून याहून जास्त काय मागायचं? कारागीर मात्र मधला आकडा वाचतो आणि मागचं झाकण उघडायला घेतो.

त्याला त्या १९८ अंशांत जे दिसतं ते मालकाला दिसत नाही, याचं कारण साधं आहे. घड्याळ पुढे जातं की मागे, हे सगळ्यांना कळतं. ते किती जोर लावून चालतंय, हे कुणी विचारत नाही. टाइमग्राफर नेमकं तेच सांगतो, पण पट्टी योग्य क्रमाने वाचली तरच. आधी झोका, मग बीट एरर आणि सगळ्यात शेवटी रेट. बहुतेक लोक हा क्रम उलटा लावतात आणि फसतात.

यंत्र ऐकतं. बाकी काही करत नाही. घड्याळ एका चिमट्यात धरलेलं असतं, चिमट्याला संवेदनशील मायक्रोफोन जोडलेला असतो आणि आतल्या टिकटिकीची तुलना यंत्राच्या स्वतःच्या क्वार्ट्झ घड्याळाशी होत राहते. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या ‘वॉचमास्टर’ आणि स्वित्झर्लंडच्या ‘व्हायब्रोग्राफ’ यंत्रांनी हीच गोष्ट कागदावर ठिपके उमटवून दाखवली. आज विची या स्विस कंपनीची महागडी यंत्रं मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये असतात आणि वेइशी हे स्वस्त चिनी यंत्र छोट्या कारागिरांच्या आणि हौशी लोकांच्या टेबलावर. कागदाची जागा आता बऱ्याच ठिकाणी पडद्याने घेतली आहे, पण चित्र तेच राहिलं आहे: ठिपक्यांच्या दोन रेघा आणि वर तीन आकडे.

टिकटिक कानाला एकेक सुटा आवाज वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक ‘टिक’मध्ये तीन आवाज असतात, आणि सगळं गणित त्यांच्यावर उभं आहे. घड्याळाच्या पोटात बॅलन्स व्हील नावाचं चाक केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगच्या जोरावर एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला फिरत असतं. त्याच्या खालच्या बाजूला माणकाची एक बारीक खुंटी असते. चाक मधल्या जागेवरून जाताना ही खुंटी पॅलेट फोर्क नावाच्या छोट्या फाट्याच्या खाचेत शिरते आणि त्याला ढकलते. हा पहिला आवाज. फाट्याचा माणकाचा खडा बाजूला होतो, एस्केप व्हीलचा अडलेला दात सुटतो आणि खड्याच्या उतारावरून घसरत बॅलन्सला पुढचा धक्का देतो. हा दुसरा. मग ते दातेरी चाक पुढे उडी मारतं, दुसऱ्या खड्यावर आपटून थांबतं आणि फाटाही आपल्या कडेला टेकतो. हा तिसरा आणि सगळ्यात मोठा. हे सगळं दहा ते वीस मिलिसेकंदांत उरकतं.

एचएमटी जनतासारख्या चावीच्या घड्याळात असे ठोके तासाला १८,००० पडतात, म्हणजे सेकंदाला पाच. दोन ठोक्यांमध्ये २०० मिलिसेकंदांचं अंतर. नंतरच्या काळातल्या घड्याळांत हा वेग वाढला. सेकोचं ७एस२६ हे यंत्र तासाला २१,६०० ठोक्यांवर चालतं, ईटीएचं २८२४-२ हे २८,८०० वर. यंत्राला घड्याळाचा वेग बरोबर ओळखता आला नाही किंवा तो हाताने चुकीचा लावला गेला, तर पुढचे सगळे आकडे निरर्थक होतात. म्हणून पट्टीवर आधी हा आकडा पाहायचा.

आता रेघा. यंत्र प्रत्येक ठोक्याला एक ठिपका उमटवतं. ठोका अपेक्षित क्षणी पडला तर ठिपका आधीच्या ठिपक्याच्या ओळीत बसतो. जरा लवकर पडला तर वर सरकतो, उशिरा पडला तर खाली. घड्याळ बरोबर चालत असेल तर रेघ आडवी सरळ, पुढे जात असेल तर चढती, मागे पडत असेल तर उतरती. किती बारीक हिशोब आहे हा! १८,००० ठोक्यांच्या घड्याळाला दिवसात एक सेकंद पुढे जायला प्रत्येक ठोका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम सव्वादोन भाग लवकर पडला की पुरतो. कानाला हे कधीच कळणार नाही. यंत्राला अर्ध्या मिनिटात कळतं, कारण ते फरक साठवत जातं.

रेघा दोन का, हे पुढे येईल. आधी झोका.

बॅलन्स व्हील मधल्या जागेपासून एका बाजूला किती अंश फिरतं, तो त्याचा अँप्लिट्यूड. पूर्ण चावी दिलेलं, नीट सर्व्हिसिंग झालेलं घड्याळ डायल वर करून ठेवलं, तर हा आकडा साधारण २७० ते ३१० अंशांमध्ये यावा. पाऊण फेरी किंवा त्याहून थोडं जास्त. घड्याळ उभं धरलं की तो २० ते ४० अंशांनी कमी होतो आणि यात काही बिघाड नाही. आडव्या घड्याळात बॅलन्सचा दांडा आपल्या सुईसारख्या गोल टोकावर उभा असतो, त्यामुळे घर्षण नाममात्र. घड्याळ उभं केलं की तोच दांडा माणकाच्या भोकाच्या भिंतीवर आडवा टेकतो आणि घर्षण वाढतं.

हा आकडा यंत्र बघून काढत नाही, कारण त्याला चाक दिसतच नाही. ते पहिल्या आणि तिसऱ्या आवाजातला वेळ मोजतं. तेवढ्या वेळात बॅलन्स एक ठरावीक कोन फिरतो. त्याला लिफ्ट अँगल म्हणतात आणि तो घड्याळाच्या रचनेवर ठरतो. ठरलेला कोन किती वेळात कापला, यावरून मधल्या जागेवरचा वेग निघतो आणि वेगावरून पूर्ण झोका. लिफ्ट अँगल ५२ अंश धरला, तर १८,००० च्या घड्याळात २८१ अंशांच्या झोक्याला हा वेळ सुमारे ११.८ मिलिसेकंद येतो आणि १९८ अंशांच्या झोक्याला १६.८. निरोगी आणि आजारी घड्याळातला फरक सेकंदाच्या हजारातल्या पाच भागांचा.

इथेच एक सापळा आहे. लिफ्ट अँगल यंत्राला माणूस सांगतो. बहुतेक यंत्रांत तो आधीपासून ५२ ठेवलेला असतो, कारण कितीतरी घड्याळांत तो त्याच्या आसपास असतो. ईटीए २८२४-२ चा ५० आहे. तिथे ५२ ठेवला तर खरा २७० अंशांचा झोका पट्टीवर २८१ दिसेल. हा फरक सोसण्यासारखा आहे. पण ओमेगाच्या कोअ‍ॅक्सियल रचनेत लिफ्ट अँगल ३८ आहे. ते घड्याळ ५२ वर मोजलं तर २६० अंशांचा झोका ३५६ म्हणून छापला जाईल, आणि एवढा झोका कुठल्याच घड्याळात होऊ शकत नाही.

ज्या घड्याळाचा लिफ्ट अँगल कुठेच छापलेला सापडत नाही, त्याच्यासाठी जुने कारागीर एक देखणी युक्ती वापरतात. बॅलन्सच्या एका आरीवर बारीक काळी खूण करायची आणि चावी हळूहळू उतरू द्यायची. झोका बरोबर १८० अंशांवर आला की चाक दोन्ही बाजूंना एकाच जागी जाऊन परततं, आणि ती खूण विसाव्याच्या जागेच्या अगदी समोर एकदाच, स्पष्ट थांबलेली दिसते. त्या क्षणी यंत्रावरचा लिफ्ट अँगल असा बदलायचा की आकडा १८० व्हावा. आता पट्टी खरं बोलेल. हल्ली फोनच्या स्लो मोशन कॅमेऱ्याने ही खूण पाहणं आणखी सोपं झालं आहे.

तर १९८ अंश. पूर्ण चावी, डायल वर, तरी दोनशेच्या आत. म्हणजे मुख्य स्प्रिंगचा जोर बॅलन्सपर्यंत पोचेपर्यंत वाटेतच जिरतोय. बहुतेक वेळा कारण एकच असतं: तेल सुकून चिकट झालेलं. त्याखालोखाल थकलेली मुख्य स्प्रिंग आणि झिजलेली चाकांची टोकं. आणि तरीही रेट दिवसाला +३ कसा?

याचं उत्तर साडेतीनशे वर्षांपूर्वीचं आहे. १६७५ साली ख्रिस्तियान हायगेन्सने बॅलन्सला गुंडाळीची स्प्रिंग जोडून दाखवली, तिचा सगळा मोठेपणा यातच होता की झोका मोठा असो वा लहान, एका फेऱ्याला लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच राहतो. झोपाळ्यावर मूल जोरात झुललं काय किंवा हळू झुललं काय, फेऱ्याला वेळ साधारण तोच लागतो, तसंच. ज्या गुणामुळे स्प्रिंगचं घड्याळ अचूक झालं, तोच गुण त्याचा आजार झाकतो. जोर निम्म्यावर आला तरी वेळ बराच काळ बरोबर राहतो. त्यातून थोडं मागे पडलंच, तर बॅलन्सवरच्या पुलावर अधिक-उणे अशी खूण असलेली एक दांडी असते. ती अधिककडे केसभर सरकवली की रेट पुन्हा गोजिरा. घड्याळ साफ न करता नुसती दांडी सरकवून परत देणं हा दुरुस्तीतला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय आहे. कोरडी टोकं तशीच फिरत राहतात आणि झिजत जातात.

हायगेन्सचा नियम ‘जवळजवळ’ लागू पडतो, आणि त्या ‘जवळजवळ’मधला उरलेला भाग झोका कमी झाला की बाहेर येतो. म्हणून एकाच स्थितीतला आकडा कधीही पुरेसा नसतो. आपल्या नमुन्याच्या घड्याळाची पट्टी तीन स्थितींत घेऊ. हे आकडे कुण्या एका घड्याळाचे नाहीत. बरीच वर्षं न उघडलेल्या, १८,००० ठोक्यांच्या चावीच्या घड्याळात सहज दिसतील असे, एकमेकांशी मेळ खाणारे आकडे आहेत. डायल वर: +३ सेकंद, १९८ अंश, २.६ मिलिसेकंद. डायल खाली: +९, १८७ अंश, २.८. चावी खाली धरून उभं: −३१, १५८ अंश, ३.३.

हे तीन ओळींचं कोष्टक मालकाच्या जुन्या तक्रारीचं उत्तर आहे. घड्याळ रात्री टेबलावर बरोबर असतं आणि दिवसा मनगटावर मागे पडतं, असं तो सांगत आला आहे. टेबलावर ते आडवं असतं. मनगटावर, हात लोंबत असताना, ते बराच वेळ उभं असतं, आणि उभ्या स्थितीत त्याच्यात चालण्यापुरताच जोर उरला आहे. आडव्या आणि उभ्या रेटमध्ये चाळीस सेकंदांचं अंतर आहे. नुसत्या पहिल्या ओळीत यातलं काहीच दिसत नव्हतं. म्हणूनच स्विस क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र देणारी सीओएससी ही संस्था एका स्थितीवर समाधान मानत नाही: पंधरा दिवस, पाच स्थिती, तीन तापमानं, आणि या सगळ्यातून सरासरी दैनिक रेट −४ ते +६ सेकंदांत यावा लागतो.

झोका सगळ्या स्थितींत सारखाच पडलेला असेल, तर दोष बहुधा शक्तीच्या बाजूला असतो, म्हणजे मुख्य स्प्रिंग किंवा मधली चाकं. डायल वर असताना ठीक आणि डायल खाली केल्यावर एकदम कमी, असं असेल तर बॅलन्सच्या दांड्याचं एक टोक चेपलेलं किंवा त्याच्या माणकात घाण असण्याचा संशय घ्यायचा. आपल्या घड्याळात सगळीकडेच कमी आहे. तेव्हा आधी पूर्ण सफाई.

आता तिसऱ्या आकड्याकडे, आणि दोन रेघांकडे. एक रेघ ‘टिक’ची, दुसरी ‘टॉक’ची. घड्याळ थांबलेलं असताना हेअरस्प्रिंगने ती माणकाची खुंटी फाट्याच्या बरोबर मध्यरेषेवर धरून ठेवायला हवी. ती एका बाजूला कललेली असेल, तर चाकाला एकीकडचा प्रवास लांबचा पडतो आणि दुसरीकडचा जवळचा. मग टिकपासून टॉकपर्यंत २०२.६ मिलिसेकंद आणि टॉकपासून टिकपर्यंत १९७.४, असा फरक पडतो. या दोन्हींच्या फरकाचा निम्मा म्हणजे बीट एरर, इथे २.६. पट्टीवर दोन रेघांमधलं अंतर तेवढंच असतं. एरर शून्य झाली की दोन्ही रेघा एकीत एक मिसळतात.

बीट एररमुळे घड्याळ थेट पुढे-मागे जात नाही. तिचा त्रास वेगळाच असतो: पूर्ण उतरलेल्या घड्याळाला चावी दिली की ते आपणहून सुरू होत नाही, हलवावं लागतं. लंगडं चालणारं घड्याळ कमी जोरावर लवकर थांबतं. नव्या घड्याळात ०.५ मिलिसेकंदांच्या आत असावी. १ च्या वर गेली की दुरुस्त करावी. जुन्या घड्याळात दीड-दोनपर्यंत सोसून घेणारे अनुभवी कारागीर पुष्कळ आहेत, आणि त्यामागे आळस नसतो. त्याचं कारण पुढे दिसेल.

वर दिलेल्या तीन ओळींत एक गंमत दडली आहे. झोका १९८ वरून १५८ वर आला तशी बीट एरर २.६ वरून ३.३ झाली. खुंटी मात्र जागची हलली नाही. ती तिन्ही स्थितींत साधारण चार अंशच कललेली आहे. पण झोका लहान झाला की चाक मधल्या जागेवरून सावकाश जातं, आणि तेवढेच चार अंश ओलांडायला जास्त वेळ लागतो. म्हणजे मिलिसेकंदांचा आकडा झोक्यावर अवलंबून आहे. १८,००० च्या घड्याळात २७० अंशांच्या झोक्याला एक मिलिसेकंद म्हणजे सुमारे दोन अंशांचा कल. २८,८०० च्या घड्याळात चाकाची गती जास्त असल्यामुळे तोच एक मिलिसेकंद जवळजवळ साडेतीन अंशांचा होतो. वेगवान घड्याळातली एक मिलिसेकंदाची एरर म्हणूनच जास्त गंभीर मानायची.

यातून कामाचा क्रम ठरतो. झोका सुधारण्याआधी बीट एररला हात लावायचा नाही.

घड्याळ सुटं झालं, भाग सफाईच्या द्रावणातून निघाले, मुख्य स्प्रिंग नवी बसली. तेल लावताना मोबियस ९०१० सारखं पातळ तेल वेगाने फिरणाऱ्या बारीक टोकांना जातं आणि दाट तेल हळू फिरणाऱ्या, जास्त दाब सोसणाऱ्या चाकांना. पॅलेटच्या खड्यांवर मोबियस ९४१५ हे ग्रीस, तेही डोळ्याला जेमतेम दिसेल एवढंच. पॅलेट फोर्कच्या स्वतःच्या टोकांना तेल लावत नाहीत, कारण तिथे हालचाल इतकी कमी आणि भाग इतका हलका की तेलाचा चिकटपणाच झोका खातो. नवशिक्या हातांनी सफाई होऊनही झोका २३० च्या वर जात नसेल, तर पहिला संशय जास्तीच्या तेलावर घ्यावा.

पुन्हा पट्टी. डायल वर: +१४, २८१ अंश, १.८ मिलिसेकंद. बीट एररला कुणी शिवलं नव्हतं, तरी ती २.६ वरून १.८ वर आली. खुंटीचा कल अजूनही चारच अंश आहे.

तो काढायचा तर घड्याळाची रचना पाहावी लागते. आजच्या बहुतेक यंत्रांत, ईटीए २८२४-२ मध्येही, हेअरस्प्रिंगचं बाहेरचं टोक एका हलत्या दांडीवर असतं. दांडी केसभर सरकवायची, रेघा जवळ येताना बघायच्या, संपलं. जुन्या पद्धतीच्या घड्याळात ते टोक पुलात पक्कं बसवलेलं असतं. तिथे बॅलन्स बाहेर काढून, हेअरस्प्रिंग ज्या चिमुकल्या कड्यावर बसते त्या कड्याच्या चिरेत बारीक पातं घालून कडं दांड्यावर चार अंश फिरवावं लागतं. मग बॅलन्स परत बसवून मोजायचं. दिशा चुकली तर १.८ चे ३.६ होतात. हात घसरला तर हेअरस्प्रिंग वाकते, आणि वाकलेली हेअरस्प्रिंग सरळ करणं हे काम हातात असलेले कारागीर मोजकेच. जुन्या घड्याळात १.८ ला हात न लावण्याचा निर्णय अनुभवी माणूस घेतो तो याच हिशोबाने. ०.३ वर आली की थांबायचं, ०.० च्या मागे लागून पुन्हा बॅलन्स काढण्यात जोखीमच जास्त.

आणि आता, सगळ्यात शेवटी, रेट. दांडी उणेकडे थोडी सरकवली: डायल वर +६, डायल खाली +८, चावी खाली −४. आडव्या-उभ्यातलं अंतर चाळीस सेकंदांवरून बारावर आलं. मालकाला आवडलेला +३ इथे कुठेच नाही, तरी हे घड्याळ मनगटावर आधीपेक्षा कितीतरी बरं चालेल.

रेघा कधी कधी आकड्यांहून जास्त सांगतात. त्या सरळ न राहता नियमित लाटेसारख्या वर-खाली जात असतील तर लाटेची लांबी मोजायची. १८,००० च्या घड्याळात पंधरा दातांचं एस्केप व्हील तीस ठोक्यांत, म्हणजे सहा सेकंदांत एक फेरी पुरी करतं. दर सहा सेकंदांनी लाट येत असेल तर दोष त्याच चाकात. दर मिनिटाला येत असेल तर सेकंदकाट्याच्या चाकात. ठिपके रेघ सोडून पडद्याभर विखुरले असतील तर एक तर घड्याळ फार घाण झालंय, किंवा मायक्रोफोनला धातूच्या पट्ट्याची खडखड ऐकू येतेय. पट्टा मोकळा करून पुन्हा मोजावं. रेघा अगदी उभ्या चढत असतील, घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे जात असेल, तर बहुधा हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व आलेलं असतं आणि तिचे वेढे एकमेकांना चिकटत असतात. जवळ होकायंत्र धरलं की त्याची सुई हलते आणि निदान पक्कं होतं. त्यासाठी घड्याळ खोलायची गरज नसते. चुंबकत्व काढणारं छोटं यंत्र काही सेकंदांत काम करतं.

उलट बाजूही आहे. झोका ३३० च्या वर गेला, तर तो जास्तीचा जोर मिरवण्यासारखा नाही. चाक इतकं फिरतं की खुंटी फाट्याला मागच्या बाजूने जाऊन आपटते, घड्याळ अचानक खूप पुढे जाऊ लागतं आणि रेघा फाटतात. गरजेपेक्षा ताकदीची मुख्य स्प्रिंग बसवली की असं होतं.

हे सगळं माहीत असण्याचा सगळ्यात जास्त उपयोग जुनं घड्याळ विकत घेताना होतो. बंगळुरूमध्ये १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं बनवू लागलेल्या एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करायला केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली आणि त्यानंतर जुन्या एचएमटींचा बाजार आणखी तापला. नवा रंग दिलेल्या डायलांची, इकडचे-तिकडचे भाग जोडून उभी केलेली घड्याळंही त्यात भरपूर येतात. संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. विक्रेता बरेचदा टाइमग्राफरच्या पडद्याचा फोटो पाठवतो: +२ सेकंद, दोन सरळ रेघा. तो फोटो जवळून वाचावा. लिफ्ट अँगल किती लावलाय? खरा ४९ असताना ५२ लावला की झोका आपोआप सोळा-सतरा अंशांनी फुगतो. घड्याळ कुठल्या स्थितीत आहे? डायल वर आणि नुकतीच पूर्ण चावी दिलेली, ही प्रत्येक घड्याळाची सगळ्यात चांगली घडी असते. चावी खाली धरून उभ्या स्थितीतला फोटो मागावा. तो मिळाला आणि झोका २२० च्या वर असला, तर बोलणी पुढे न्यायला हरकत नाही. तो द्यायला विक्रेत्याने टाळाटाळ केली, तर किमतीत सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव करावा.

यंत्राला काही गोष्टी मुळीच ऐकू येत नाहीत. तारीख मध्यरात्री नीट बदलते का, ऑटोमॅटिकचा रोटर मनगटावर पुरेशी चावी भरतो का, काचेच्या कडेने दमट हवा आत जाते का, काटे एकमेकांना घासतात का, याबद्दल पट्टी गप्प असते. आणि ती सांगते तेही फक्त त्या अर्ध्या मिनिटाबद्दल. म्हणून आपल्या घड्याळाची एक पट्टी अजून बाकी आहे: चावी न देता चोवीस तासांनंतरची. डायल वर २३६ अंश, +३ सेकंद. चावी खाली २१० अंश, −११. दुसऱ्या सकाळीही उभ्या स्थितीत झोका दोनशेच्या वर टिकला, म्हणजे रोज एकदा चावी देणाऱ्या माणसासाठी हे घड्याळ तयार आहे.

ही पट्टी टाकून द्यायची नसते. तिच्यावर तारीख, लिफ्ट अँगल, स्थिती आणि चावी दिल्यापासून किती तास झाले, एवढं लिहून ती घड्याळाच्या डबीत ठेवावी. दोन-तीन वर्षांनी त्याच स्थितीत, तेवढीच चावी देऊन पुन्हा मोजल्यावर २८१ च्या जागी २४५ आले, तर रेट कितीही सुंदर दिसला तरी तेल सुकू लागलेलं असतं, आणि त्या वेळी घड्याळ उघडलं तर काम सफाईवर भागतं, झिजलेले भाग शोधत फिरावं लागत नाही.